लाल वर्तुळं आणि 1857

‘मॅडम, सरांनी एकमेकींचे निबंध वाचून अर्धं पान अभिप्राय लिहायला सांगितलाय. मी मैत्रिणीच्या चुका नीट शोधून दिल्या, तर ती दोन दिवस बोलतच नाहीये. मी काही इतिहासातली जाणकार नाही, मग शुद्धलेखनाशिवाय लिहू तरी काय?’

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. निबंधाची झेरॉक्स सोबतच होती. विषय 1875 चे दख्खनचे दंगे. चार पानांवर लाल शाईची एकतीस वर्तुळं, मी मोजली. पहिल्याच परिच्छेदात ‘शेतकर्यांनी’ला वर्तुळ होतं, ‘रूपये’ला होतं. त्याच ओळीत ‘12 मे 1857 रोजी सुपे गावात’ असं लिहिलेलं, त्याला मात्र काहीच नव्हतं. मी आकड्यावर बोट ठेवलं. ती ओशाळली. अंक उलटे पडले होते आणि सावकारांविरुद्धचा उठाव थेट बंडाच्या वर्षात जाऊन बसला होता.

तिला म्हटलं, पेन बाजूला ठेव. तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं काय आहे, एका वाक्यात सांग. ती म्हणाली, ‘दंग्यांबद्दल आहे.’ तो विषय झाला, म्हणणं नाही. तिने पुन्हा वाचलं आणि या वेळी सापडलं: अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, म्हणून शेतकरी सावकारांवर उठले.

मग पेन्सिलीने समासात दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या. डावीकडे, हा परिच्छेद काय सांगतो. उजवीकडे, ते कशावरून. उजवी बाजू जिथे कोरी राहील तिथे अभिप्राय द्यायचा. याला इतिहासाचं पांडित्य लागत नाही. ‘हे खरं आहे का’ हे तुला कळणार नाही कदाचित, पण ‘हे तू कशावरून म्हणतेस’ हे कुणीही विचारू शकतं.

तिसऱ्या परिच्छेदाशी ती स्वतःच थबकली. ‘मॅडम, युद्ध तर 1865 ला संपलं. मग दंगे दहा वर्षांनी का?’ हाच खरा अभिप्राय. निबंधात मधली दहा वर्षं गायबच होती. भाव उतरल्यावर सावकारांनी हात आखडता घेतला, जुनी येणी वसुलीला काढली, त्यातच नव्या आकारणीत सारा वाढला; हे दुवे आल्याशिवाय ‘म्हणून’ हा शब्द टिकत नाही.

दुसरी जागा जरा अवघड होती. ‘सारा नव्हे, सावकारच कारण’ याला मैत्रिणीने पुरावा म्हणून सरकारी चौकशी आयोगाचा निष्कर्ष दिला होता. अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. मी विचारलं, सारा कुणी ठरवला होता? सरकारने. सारा जबाबदार नाही असं म्हणणारा आयोग कुणाचा? ती हसली. असा पुरावा टाकून द्यायचा नसतो. फक्त तो कुणाचा आहे हे वाक्यात यायला हवं आणि त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी हवं.

सगळ्यात चांगली गोष्ट मैत्रिणीने शेवटच्या पानावर एका ओळीत संपवली होती: लोकांनी माणसांवर हात टाकण्यापेक्षा सावकारांकडचे कर्जाचे रोखे आणि वह्या जाळल्या. कागदच का? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षंच चाले, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल-व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेत. निबंधाचा कणा कदाचित तोच होता. हेही अभिप्रायात लिहायचं असतं, ‘छान लिहिलंस’ यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

पहिला खर्डा तिने दोन पानांचा आणला. त्यात ‘मी असते तर असं लिहिलं असतं’ असं बरंच होतं. हा घोळ हुशार मुलं हमखास करतात. मैत्रिणीचा निबंध बाजूला राहतो आणि स्वतःचाच सुरू होतो. अर्धं काढून टाकलं. उरलं ते असं:

‘तुझं म्हणणं मला असं समजलं: कापसाच्या मंदीमुळे दंगे झाले. परिच्छेद 3 मध्ये 1865 ते 1875 या काळात काय घडलं ते नाही, त्यामुळे कारण पटत नाही. आयोगाचा निष्कर्ष तू जसाच्या तसा घेतला आहेस. तो सरकारचा होता, याने काही फरक पडतो का? रोखे जाळल्याची ओळ फार महत्त्वाची वाटली, ती आधी आणून वाढवता येईल का? पहिल्या पानावरचं साल बघ. शुद्धलेखन शेवटी एकदा तपासून घे.’

आठवड्याने दोघी एकत्र आल्या. मधल्या दहा वर्षांवर नवा परिच्छेद आला होता, रोखे पहिल्या पानावर सरकले होते. आयोगाबद्दल मात्र मैत्रीण अडून बसली होती: ‘सरकारचा असला तरी आयोगाने साक्षी घेतल्या होत्या, मी तो सोडणार नाही.’ हे कारण तिने निबंधातही लिहिलं होतं. त्यावरून दोघींची माझ्यासमोरच जुंपली. ‘शेतकर्यांनी’ तिसऱ्या पानावर अजून तसंच होतं. आमच्यापैकी कुणी त्याचा विषय काढला नाही.