खाणीतली वीट आणि रिफायनरीचा हिशेब

प्रश्न: खाणीतली कच्ची सोन्याची वीट लंडनच्या सोने बाजारात चालणारी ‘गुड डिलिव्हरी’ वीट कशी बनते? आणि विकणारे रिफायनिंग चार्जवर एवढी घासाघीस का करतात?

काही वर्षं मी एका खाणीच्या वतीने रिफायनरीशी हिशेब जुळवायचं काम केलं, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे.

खाणीवर ओतलेल्या विटेला डोरे म्हणतात. तिच्यात सोन्यासोबत चांदी असते, थोडं तांबं, लोखंड, शिसंही असतं. रिफायनरीत वजन झालं की ती पुन्हा वितळवतात आणि रस ढवळत असतानाच त्यातून नमुना घेतात. घट्ट विटेचा कोपरा खरवडून चालत नाही, कारण थंड होताना धातू सगळीकडे सारखे बसत नाहीत. नमुन्याचा कस अजूनही आगीवरच काढतात: शिसं घालून तांबं-लोखंडासारखे हलके धातू शोषून घ्यायचे, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि राहिलेलं सोनं तोलायचं.

मग शुद्धीकरण. वितळलेल्या सोन्यात क्लोरीन वायू सोडला की चांदी आणि हलके धातू क्लोराइड होऊन वेगळे होतात, आणि सोनं 99.5 टक्क्यांपर्यंत जातं. त्याहून शुद्ध हवं असेल तर विद्युत अपघटन. लंडनच्या बाजाराच्या नियमानुसार गुड डिलिव्हरी विटेत किमान 99.5 टक्के शुद्धता आणि 350 ते 430 ट्रॉय औंस सोनं लागतं. वर क्रमांक, शुद्धता, वर्ष आणि मान्यताप्राप्त रिफायनरीचा शिक्का. शिक्का नसेल तर शुद्ध सोनंही त्या बाजारात तसंच्या तसं स्वीकारलं जात नाही, म्हणून खाणीला रिफायनरीकडे जावंच लागतं.

आता पैशाचं. चार्ज बहुधा आलेल्या एकूण वजनावर लागतो, सोन्याच्या वजनावर नाही. समजा 20 किलोची वीट 80 टक्के सोन्याची आहे, म्हणजे आत 16 किलो सोनं. दुसऱ्या खाणीची वीट 40 टक्क्यांची असेल तर तेवढ्याच सोन्यासाठी 40 किलो माल द्यावा लागतो आणि चार्ज दुप्पट होतो. पारा, आर्सेनिक असेल तर दंड वेगळा.

पण नवखे विक्रेते फक्त दर बघतात, आणि तिथेच फसतात. करारात ‘99.9 टक्के सोनं परत’ असं लिहिलं असेल, तर 16 किलोतले 16 ग्रॅम रिफायनरीकडे राहतात. त्यात कस 80 ऐवजी 79.8 लागला तर आणखी 40 ग्रॅम गेले! एवढा फरक दर पाडून घेऊन भरून निघणं अवघड. म्हणून वितळवताना आपला माणूस भट्टीपाशी उभा करायचा, नमुन्याचा सीलबंद भाग आपल्याकडे घ्यायचा आणि स्वतः कस काढायचा. दोन आकड्यांतला फरक करारातल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर राखून ठेवलेला तिसरा भाग त्रयस्थ प्रयोगशाळेकडे जातो.