घोटे की धोटे?

प्रश्न: आजोबांच्या हाती लिहिलेल्या वाटणीपत्रात शेजारच्या वावरवाल्याचं आडनाव घोटे आहे की धोटे, तेच समजत नाही. लिहिणाऱ्यानं घ अन् ध सारखेच काढलेत. संदर्भावरून कसं ओळखायचं?

उत्तर: "संदर्भावरून समजून घ्या" हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले माझे. आडनावाला कसला आलाय संदर्भ? घोटे पण आहेत, धोटे पण आहेत, वाक्य दोघांनाही चालतं.

आधी ध ची शेंडी बघा. घ सरळ शिरोरेषेपासून खाली उतरतो, ध ची सुरुवात छोट्या गाठीनं होते अन् त्या गाठीवर रेघ नसते, थ आणि भ चंही तेच. पण घाईत लिहिणारा शब्द संपला की एका फटक्यात पूर्ण रेघ ओढतो, मग ती मोकळी जागा गेली. शिरोरेषाच न देणारा असेल तर घ चा आधार गेला. उरते फक्त गाठ, तीही शाईनं बुजून ठिपका होते.

आणि ही मोकळी जागा शोभेची आहे म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही! अशोकाच्या ब्राह्मीत ध म्हणजे उभी रेघ अन् तिला अर्धगोल पोट, सगळीकडून बंद. घ म्हणजे वाटी अन् मधात दांडी, वर तीन टोकं उघडी. माझं मत असं की उघड्या टोकांना पुढं डोकी फुटली अन् ती जुळून घ वर रेघ आली, ध ला वर टोकच नव्हतं म्हणून तो बोडका राहिला. मला तर ती मोकळी जागा दोन हजार वर्षांची खूण वाटते, अन् लोक तिच्यावरून सरसकट रेघ ओढतात.

असो, तुमचं वाटणीपत्र. संदर्भ आडनावाला नका लावू, बाकीच्या शब्दांना लावा. समजा ओळ अशी आहे, "घोटे यांचे धुऱ्यापासून अर्धा भाग घेतला". घुरा किंवा अर्घा इथं बसतच नाही, म्हणजे हे दोन पक्के ध झाले. "घेतला" मधला पक्का घ. आता त्या माणसाचा पेन ध ला कुठून सुरू होतो, वळसा घेतो की सरळ उतरतो, ठिपका जाड पडतो का ते बघा अन् मग आडनावातलं अक्षर त्यांच्या शेजारी धरा. म आणि भ चा घोळ असेल तर "मौजे" आणि "भाग" असेच कामी येतात, मोयर की भोयर लगेच निघतं.

फक्त हे सगळे नमुने मजकूर लिहिणाऱ्याच्याच हातचे घ्या, खाली साक्षीदारांच्या सह्या असतात तो प्रत्येक हात वेगळा. अन् त्यानं पक्के घ आणि ध सुद्धा एकसारखेच काढले असतील तर अक्षर बघत बसू नका, ते सांगणारच नाही, त्या शेजारच्या वावराचा जुना सातबारा नाहीतर फेरफार काढा.