डबलर २४ ऐवजी ३२ का दाखवतो

महाराणी रोडवरून आणलेल्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर डबलर, म्हणजे दोन डायोड आणि दोन कपॅसिटरचं व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट, लावलंस आणि २४ ऐवजी ३२ व्होल्ट दिसले म्हणून मीटरला दोष देऊ नकोस. १२ हा आरएमएस, म्हणजे एसीचा प्रभावी आकडा. त्याचं शिखर १७. डायोडमध्ये ०.७ जातात, म्हणून दोन्ही कपॅसिटर आपापल्या डायोडमधून १६.३ पर्यंत भरतात आणि लोड नसला की तिथेच राहतात; मिळून ३२.६. (१६ व्होल्टचे बसवले असशील तर आधी काढ, ३५ चे लाव.)

आता १०० मिलिअँपिअर घेऊन बघ. मेन ५० हर्ट्झची, म्हणून प्रत्येक कपॅसिटर २० मिलिसेकंदांत एकदाच भरतो, रिकामा मात्र जवळजवळ सतत होतो. १००० मायक्रोफॅरड असेल तर तेवढ्यात तो २ व्होल्ट उतरतो. म्हणजे सरासरीत प्रत्येकी १ व्होल्ट कमी, मीटरवर ३०.६ च्या आसपास दिसेल. ट्रान्सफॉर्मरच दबला तर आणखी कमी. स्पीकरमध्ये घूं ऐकू आली तर दोन्ही कपॅसिटर २२०० चे कर, रिपल, म्हणजे हा चढउतार, निम्म्यावर येईल.