फ्रंट लोड मशीनचा कुबट वास

प्रश्न: फ्रंट लोड मशीनला कुबट वास का येतो? कायमचा कसा घालवायचा?

दाराच्या रबराची घडी बोटाने उघडून खालच्या बाजूला पाहा. तिथे काळपट, बुळबुळीत थर सापडेल. थंड पाण्यात न विरघळलेली पावडर, सॉफ्टनर आणि कपड्यांचा मळ साचतो, दार बंद राहिल्याने ओल टिकते आणि त्यावर बुरशी वाढते. तसाच थर ड्रमच्या मागेही असतो, म्हणून नुसतं रबर पुसून वास परत येतो.

रबर पुसा, खालचा फिल्टर काढून धुवा, मग रिकामं मशीन ९० अंशांवर चालवा. पुढे पावडर कमी घाला, महिन्यातून एकदा ६० अंशांवर टॉवेल-चादरी धुवा. धुणं झालं की कपडे लगेच काढा आणि दार व पावडरचा कप्पा उघडा ठेवा. माझ्या मते खरा फरक यानेच पडतो. तरीही वास गटारासारखा येत असेल, तर ड्रेन पाइपची जोडणी तपासून घ्या.