शुक्र-शनी युती : दोन अक्षरं बघून पत्रिका नाकारू नका

प्रश्न : माझ्या पत्रिकेत शुक्र आणि शनी एकत्र आहेत. प्रेम उशिरा होईल, जपून होईल असं सगळे सांगतात. हे नेमकं कशावरून?

थोडक्यात सांगायचं तर शुक्र म्हणजे ओढ आणि शनी म्हणजे विलंब, भीती, जबाबदारी. दोघांना एका घरात बघितलं की बेरीज करून मोकळं व्हायचं, इतकंच बहुतेकांचं चालतं. ही बेरीज अर्धीच बरोबर आहे.

एक तर ही युती दुर्मीळ नाही. शुक्र सूर्याच्या मागे-पुढे 47-48 अंशांत राहतो, त्यामुळे साधारण वर्षभरात बाराही राशी फिरून येतो. म्हणजे शनी ज्या राशीत असेल त्या राशीत तो दरवर्षी तीन-चार आठवडे काढतोच. ढोबळ हिशेबाने बारा-तेरा माणसांत एकाच्या पत्रिकेत हे दोघे एका राशीत असतात. त्या सगळ्यांची लग्नं रखडली असती तर ठाण्यातले निम्मे हॉल ओस पडले असते.

दुसरं, नैसर्गिक मैत्रीत शुक्र आणि शनी परस्परांचे मित्र आहेत. शनी उच्चीचा होतो तो शुक्राच्याच तुळेत. वृषभ आणि तूळ लग्नांना, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास ही असेल त्यांना, शनी योगकारक म्हणजे खास शुभ फळ देणारा, मकर आणि कुंभ लग्नांना शुक्र योगकारक. बृहज्जातकात या युतीचं फळ दिलंय ते कमकुवत दृष्टी, स्त्रीच्या आश्रयाने वाढणारं धन, लेखन, ग्रंथ आणि चित्रं यांची जाण. उशिरा विवाहाचा तिथे उल्लेखच नाही. विलंब सप्तमस्थान म्हणजे विवाहाचं घर आणि सप्तमेश म्हणजे त्या घराचा स्वामी, यांच्याशी शनीचा संबंध आला की बोलायचा. नुसती युती स्वभाव सांगते : हा माणूस आवडलं तरी लगेच बोलणार नाही, आधी पारखणार.

मग वयाचा मुद्दा येतो कुठून? इथे एक पत्रिका उलगडून दाखवते, कारण या पत्रिकेवरून नौपाड्यातल्या एका जाणत्या गृहस्थांशी माझा वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

जन्म एप्रिल 1995 च्या दुसऱ्या आठवड्यातला, ठाणे, दुपारी साडेतीनच्या सुमारास. सिंह लग्न, चंद्रही सिंहेत. सप्तमात कुंभ, आणि त्यात शुक्र 24 अंशांवर, शनी 25 वर. गृहस्थांनी छापील पत्रिकेत 11 आकड्याच्या घरातल्या "शु श" भोवती लाल पेनाने गोल काढला होता आणि "विवाहसुख नाही" म्हणून सांगून टाकलं होतं. अंश त्यांनी बघितलेच नव्हते.

बघू या. शनी स्वतःच्या राशीत, केंद्रात, म्हणजे शश योग, आणि सप्तमेश सप्तमातच. शुक्र सूर्यापासून तीसच्या वर अंश लांब, म्हणजे अस्तंगत नाही. दोघेही कुंभेच्या 23 अंश 20 कलांपासून 26 अंश 40 कलांपर्यंतच्या नवमांशात, म्हणजे राशीच्या एका नवव्या भागात, आणि तो नवमांश वृषभेचा. म्हणजे शुक्र नवमांशात स्वराशीत आणि शनी मित्राच्या घरात. हे तुटणारं घर नव्हे, उशिरा बांधलं जाणारं आहे.

आता वय. युती अंशात जवळची असली की शनी गोचरीने, म्हणजे आकाशात फिरत फिरत, जन्मवेळच्या स्वतःच्या जागेवर परत येतो तेव्हा शुक्रावरही येतो. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. त्याआधी त्याची दृष्टी युतीवर पडते ती पाहा. 2008-09 मध्ये शनी सिंहेत, सातवी दृष्टी थेट युतीवर, शिवाय चंद्रावरून साडेसाती. मुलगी आठवी-नववीत. जे वय मनात पहिल्यांदा काहीतरी हलण्याचं, त्याच वेळी दडपण. 2019 मध्ये शनी धनूत, तिसरी दृष्टी युतीवर, वय 24. तिने एका मुलाला "अजून वेळ दे" सांगितलं आणि तो थांबला नाही. मग 2024 च्या जूनअखेरीस शनी कुंभेत नेमक्या याच अंशांपाशी वक्री झाला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा तिथून मार्गी गेला. ऐरोलीच्या ऑफिसातला, वर्षानुवर्षं ओळखीचा माणूस याच काळात तिला पटला. साखरपुडा झाला तो मे 2025 नंतर, गुरू मिथुनेत येऊन त्याची नववी दृष्टी कुंभेवर पडल्यावर. "30 नंतर फुलणारं प्रेम" म्हणतात त्यामागचं गणित हे आहे.

युतीत दोघांत 15-20 अंशांचं अंतर असेल तर हे गणित सैल होतं. शनी एका राशीत अडीच वर्षं असतो, तेव्हा तो शुक्रावर आणि स्वतःवर वेगवेगळ्या वर्षी येतो. म्हणून अंश विचारा. पत्रिकेतला फक्त चौकोन कुणी वाचत असेल तर उठून या.

आणि या मुलीची स्थळं परत गेली ती युतीमुळे नव्हतीच. तिच्या पत्रिकेला बारावा मंगळ होता, कर्केतला, नीचेचा. मुलांकडचे मंगळ बघूनच फोन बंद करायचे, आणि घरात मात्र शनीला बोल लागायचा. त्या मंगळावर वृश्चिकेतल्या गुरूची नववी दृष्टी आहे, हेही कुणी बघितलं नाही. सप्तमातले ग्रह दिसायला सोपे, म्हणून दोष तिथेच चिकटवला जातो.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. शनी मेषेत नीचेचा असेल किंवा शुक्र कन्येत नीचेचा असेल, तर पारखणं संशयात बदलू शकतं आणि माणूस प्रेम असूनही कोरडा वागतो. शुक्र अस्तंगत असेल (मार्गी असताना सूर्यापासून 10 अंशांच्या आत) तर शनीला दोष देण्याआधी ते बघा. वर मी दशा आणलीच नाही. सप्तमेशाची किंवा शुक्राची महादशा-अंतर्दशा चालू नसेल तर नुसतं गोचर विवाह लावत नाही. आणि आता ठाणे-नवी मुंबईत 29-30 व्या वर्षीचं लग्न युती नसलेल्यांचंही सर्रास असतं, त्यामुळे प्रत्येक उशिराचं खापर शनीवर फोडणं मला पटत नाही. घटना घडून गेल्यावर ग्रह जुळवणं सोपं असतं, हेही लक्षात ठेवा.

उपायांबद्दल विचारलं नाहीत, पण विचारणार. त्याच गृहस्थांनी या मुलीला नीलम घालायला सांगितला होता. सिंह लग्नाला शनी षष्ठेश आणि सप्तमेश, त्यातला सप्तमेश मारक. त्याला रत्नाने बळ द्यायचं काही कारण नाही, आणि तो आधीच स्वराशीत बळकट आहे. तुमचं लग्न कोणतं, युती कोणत्या स्थानात, दोघांचे अंश किती आणि चालू महादशा कोणती, एवढं कळल्याशिवाय कुठल्याही खड्यावर पैसे घालू नका.