मृत्युपत्रात लिहिलेला फ्लॅट आईने नंतर विकला, तर मुलीला काय मिळतं?

"आईने 2012च्या मृत्युपत्रात कोथरूडचा फ्लॅट माझ्या नावे लिहिला होता. 2019मध्ये तिने तो विकून 60 लाख एफडीत ठेवले. यंदा ती गेली. आता ते पैसे माझेच ना? एफडीला नॉमिनी भाऊ आहे."

ताई, तो फ्लॅट तुम्हाला मिळणार नाही, आणि त्याच्या जागी हे पैसेही आपोआप तुमचे होत नाहीत. मी दिवाणी वकिली करतो. हे सांगताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा उतरतो ते मी बऱ्याचदा पाहिलंय, कारण आईची इच्छा कागदावर स्पष्ट दिसत असते. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925च्या कलम 152प्रमाणे नेमकी नावानिशी दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी आईच्या मालकीची नसेल, तर ते देणं तिथेच संपतं. तिने ती का विकली, हे कलम विचारत नाही.

मग 60 लाख कुणाचे? मृत्युपत्राचा शेवटचा भाग काढून वाचा. "याशिवाय माझी जी काही स्थावर-जंगम मिळकत असेल ती मुलाला" असं वाक्य असेल, तर सगळी रक्कम भावाकडे जाते. असं वाक्य नसेल, तर या पैशांपुरतं मृत्युपत्रच नाही असं धरतात. तुम्ही हिंदू असाल, वडील हयात नसतील आणि तुम्ही दोघंच भावंडं असाल, तर 30-30 लाख. भाऊ नॉमिनी आहे म्हणून घाबरू नका. बँक पैसे त्याच्या हातात देईल, पण वारसांच्या वतीने. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आता फ्लॅटचं कलम शब्दन् शब्द वाचा, कारण इथे खरा फरक पडतो. "अमुक सोसायटीतला फ्लॅट नंबर 7" असं लिहिलं असेल तर वर सांगितलं तेच. पण "माझ्या मृत्यूसमयी माझ्या मालकीचा जो राहता फ्लॅट असेल तो" असं असेल, आणि आईने नंतर दुसरा घेतला असेल, तर तो तुमचा. "फ्लॅट विकून येणाऱ्या रकमेतून मुलीला 20 लाख द्यावेत" असं असेल तर आणखी बरं, कारण तो पैशांचा आकडा आहे. तो फ्लॅट उरला नसला तरी बाकीच्या मिळकतीतून द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र आधी करा. दुय्यम निबंधकाकडून त्या विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढा आणि खरेदीखताची तारीख व सही बघा. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, झालं होतं, पण खरेदीखत आईच्या मृत्यूनंतर कुलमुखत्याराने नोंदवलं होतं. मुखत्यारपत्र तर देणारी व्यक्ती गेली की संपतं. साठेखताने मालकी जात नाही, म्हणून मृत्यूच्या दिवशी फ्लॅट आईचाच होता आणि मुलीचा हक्क शाबूत राहिला, अर्थात साठेखतातल्या खरेदीदाराचा दावा डोक्यावर घेऊनच.