ज्येष्ठ वकिलांकडे महिन्याला अर्धा तास मागताना

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र आणि त्यासोबत जोडलेला विनंतीचा मसुदा, दोन्ही वाचले. तुमच्या जिल्हा न्यायालयातील दिवाणी कामाचे जाणकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या वकीलसाहेबांकडे तुम्ही मार्गदर्शन मागू इच्छिता, हे योग्यच आहे. मसुद्यात तुम्ही लिहिले आहे, "आपण वेळोवेळी मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती." या वाक्याला कोणताही सज्जन माणूस "जरूर" असेच उत्तर देईल आणि पुढे काहीही होणार नाही. वेळोवेळी म्हणजे केव्हा, किती वेळ, कशावर आणि कधीपर्यंत, हे सारे त्यांनीच ठरवायचे राहते. ज्यांच्या डायरीत रोज वीस-पंचवीस तारखा असतात, त्यांच्यावर आपण हे आणखी एक काम टाकतो. म्हणून मागणी अशी असावी की ती वाचून त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचे राहील.

आधी त्यांचा वेळ कसा जातो ते पाहा. सकाळी अकरापासून न्यायालय, बोर्ड संपेपर्यंत तिथून सुटका नाही. मधल्या सुट्टीत बाररूममध्ये ते मोकळे बसलेले दिसले, तरी त्या वेळी दुपारच्या साक्षीदाराची फाइल त्यांच्या डोक्यात असते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. संध्याकाळी चेंबरमध्ये पक्षकार येतात आणि रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी असते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी न्यायालय बंद असते, म्हणून तो दिवस रिकामा असेल असे तुम्ही गृहीत धरले आहे. परंतु तालुक्याच्या गावांतून येणाऱ्या पक्षकारांना ज्येष्ठ वकील बहुधा त्याच दिवशी बोलावतात. त्यामुळे वार आणि वेळ ठरवण्याआधी त्यांच्या कारकुनांना भेटा. चेंबरमध्ये पहिला पक्षकार किती वाजता येतो, साहेब त्याआधी किती वेळ येऊन बसतात, कोणत्या आठवड्यात ते उच्च न्यायालयाच्या कामासाठी बाहेर असतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या शनिवारी पक्षकार दहानंतर येतात असे कळले, तर साडेनऊ ते दहा हा अर्धा तास मागा. पुढे पक्षकार येणारच असल्यामुळे भेट आपोआप वेळेत संपते आणि ती संपवण्याचा संकोच त्यांच्यावर येत नाही.

अवधीही ठरावीक मागा. उन्हाळी सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात काही मागू नका, कारण त्या वेळी सगळ्यांनाच मनाई हुकुमाच्या अर्जांची घाई असते. जूनमध्ये न्यायालय उघडल्यावर पहिले आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग जुलै ते ऑक्टोबर अशा चार भेटी मागा. दिवाळीच्या सुट्टीबरोबर ही व्यवस्था संपेल, असे पत्रातच लिहा. शेवट ठरलेला असला की ज्येष्ठांना हो म्हणणे सोपे जाते. पुढे चालवायचे नसेल, तर त्यांना तोंडावर नकार द्यावा लागत नाही. चालवायचे असेल, तर ते स्वतःच दिवाळीनंतर ये म्हणतील.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे त्या अर्ध्या तासात काय व्हावे. भेटीच्या तीन दिवस आधी एक पान कारकुनांकडे द्या. एकच पान, मोठ्या अक्षरात टंकलेले, कारण ते बहुधा गाडीत किंवा दोन पक्षकारांच्या मधल्या वेळेत वाचले जाईल. मागच्या भेटीत जे सांगितले गेले त्याचे तुम्ही काय केले, हे सुरुवातीला दोन ओळींत लिहा. त्यानंतर एका दाव्याची हकीकत आणि शेवटी एक प्रश्न, त्या प्रश्नाला तुम्ही स्वतः शोधलेल्या उत्तरासह. एकापेक्षा अधिक प्रश्न लिहू नका. तीन प्रश्न नेलेत तर पहिल्यावरच पंचवीस मिनिटे जातात आणि उरलेले दोन घाईने उरकले जातात.

प्रश्न कसा असावा, हे एका उदाहरणाने सांगतो, कारण तुमच्या मसुद्यातील "उलटतपास कसा घ्यावा" हा प्रश्न अर्ध्या तासात कोणालाही सोडवता येणार नाही. समजा, साठेखताच्या पूर्ततेचा दावा आहे आणि तुम्ही प्रतिवादीतर्फे आहात. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६ प्रमाणे आपण करार पाळण्यास सतत तयार व इच्छुक होतो, हे वादीने सिद्ध करायचे असते. वादीने सरतपासाच्या प्रतिज्ञापत्रात "उर्वरित रक्कम माझ्याकडे तयार होती" असे म्हटले आहे, पण बँकेच्या खात्याचा उतारा दाखल केलेला नाही. इथे खरा प्रश्न उभा राहतो: उताऱ्याबद्दल साक्षीदाराला विचारावे की नाही? तुमच्या पानावर तो असा उतरावा: "माझ्या मते विचारू नये, कारण विचारल्यास स्वतःच्या पुराव्यातील उणीव वादीच्या लक्षात येईल आणि तो उतारा दाखल करण्याची परवानगी मागेल. परंतु काहीच न विचारल्यास त्या विधानाला आव्हान दिले गेले नाही, असा युक्तिवाद होईल, ही मला भीती आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा?"

अशा प्रश्नावर अनुभवी वकील लगेच बोलू लागतात. कदाचित ते सांगतील की उतारा मागू नका, पण विधान तसेच सोडूही नका; साक्षीदाराला रक्कम तयार नव्हती एवढीच सूचना द्या, तो "हे म्हणणे खरे नाही" असे उत्तर देईल, ते नोंदले गेले की तो विषय तिथेच थांबवा आणि उताऱ्याचा अभाव अंतिम युक्तिवादासाठी राखून ठेवा. कदाचित ते विचारतील की नोटिशीच्या उत्तरात तुमच्या पक्षकाराने रकमेबद्दल काय लिहिले होते, आणि तुम्ही ते पाहिलेलेच नसेल. दोन्ही प्रकारे तुमच्या हाती पुढच्या तारखेला उपयोगी पडणारे काहीतरी येईल. तुमचे उत्तर चुकीचे निघाले तरी त्यात कमीपणा नाही. तुमचा विचार नेमका कुठे अडतो हे त्यांना दिसते आणि ते तेवढ्यावरच बोलतात, यातच त्यांचा वेळ वाचतो.

याच ठिकाणी एक गंभीर मर्यादा पाळायची आहे आणि तुमच्या मसुद्यात तिचा उल्लेखही नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही; पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये असलेले हे बंधन आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. नाव झाकले की काम भागले, असे मोठ्या शहरात वाटू शकेल, पण जिल्ह्याच्या ठिकाणी गट नंबर आणि गाव सांगितले की निम्म्या बारला दावा ओळखता येतो. म्हणून पानावर फक्त न्यायालयात दाखल झालेल्या कागदांतून दिसणारी हकीकत लिहा: दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र, निशाणी पडलेले दस्त. चेंबरमध्ये पक्षकार काय म्हणाला, तडजोडीला तो किती रकमेपर्यंत तयार आहे, हे तिथे बोलायचे नाही. त्याच दाव्यात, किंवा त्याच जमिनीवरून महसूल न्यायालयात चाललेल्या कामात, त्यांच्या कार्यालयाचे वकीलपत्र आहे का, हे प्रत्येक वेळी आधी पाहा. असेल तर तो विषय वर्ज्य समजा. तुम्ही आज ज्यांच्या कार्यालयात काम करता, त्या तुमच्या सिनिअरांनाही ही कल्पना आधी द्या आणि त्यांच्या फाइलींपैकी कोणत्या चर्चेला नेता येतील, हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांना दुसऱ्याकडून कळले, तर दोन्ही दारे बंद होतील.

भेटीत टिपणे थोडकी घ्या. दहाला पाच मिनिटे असताना तुम्हीच उठा, चर्चा रंगात असली तरीही. त्याच संध्याकाळी चार ओळी पाठवा: मला हे समजले, पुढच्या तारखेला मी हे करणार आहे. समजण्यात चूक झाली असेल तर ते एका वाक्यात दुरुस्त करतील, नाहीतर उत्तर देण्याची त्यांना गरज नाही. अधल्यामधल्या दिवसांत मोबाइलवर प्रश्न पाठवू नका. या भेटींत काम, शिफारस किंवा पॅनेलवरील नेमणूक मागू नका. एकदा तो विषय निघाला की पुढच्या प्रत्येक पानामागे तीच अपेक्षा आहे असे त्यांना वाटू लागते.

भेट रद्द होण्याचा नियमही तुमच्याच पत्रात असावा. त्यांनी कारकुनांमार्फत नुसते "आज नको" कळवले तरी पुरे, आणि बुडालेली भेट दुसऱ्या दिवशी भरून मागितली जाणार नाही, हे स्पष्ट लिहा. लागोपाठ दोन भेटी बुडाल्या, किंवा पान न वाचताच ते बोलू लागले, तर व्यवस्था त्यांना जड होते आहे असे समजा आणि उरलेल्या भेटी सोडून द्याव्यात का, हे तुम्हीच विचारा.

तुमच्या मसुद्याऐवजी एवढे लिहिले तरी चालेल: "जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊ ते दहा, आपल्या चेंबरमध्ये भेटण्याची परवानगी असावी. तीन दिवस आधी एका दाव्याच्या दाखल कागदांवर आधारित एक पान व एक प्रश्न पाठवीन. आपल्याला अडचण असेल तेव्हा कारकुनांमार्फत कळवावे. ती भेट रद्द समजेन. माझ्या सिनिअरांना याची कल्पना दिली आहे." वर तुमची ओळख दोन ओळींत, खाली सही. हा कागद चेंबरमध्ये नेऊन द्या. न्यायालयाच्या व्हरांड्यात, त्यांच्या पक्षकारासमोर देऊ नका, कारण तिथे त्यांना नाही म्हणता येत नाही.

बहुधा ते कागदावर नजर टाकतील आणि मोठ्या मनाने म्हणतील, "अरे, एवढे कशाला, कधीही ये." या उत्तरावर समाधान मानून परत येऊ नका, कारण कधीही ये म्हटलेला माणूस दारात दोनदा घुटमळतो आणि मग जाणेच सोडतो. आभार माना आणि तिथेच विचारा, "मग जुलैच्या दुसऱ्या शनिवारी साडेनऊला येऊ का?" त्यांनी होकार दिला की निघताना ती तारीख कारकुनांच्या डायरीत लिहून घ्या.

कळावे. पहिल्या भेटीचे पान तयार झाले की मला पाठवा. प्रश्न एकच आहे ना, तेवढे पाहीन.

आपला,
एक ज्येष्ठ सहकारी